दाढेची रात्रीची आंघोळ

"हसतंखेळतं काहीतरी लिहा," मोठे डॉक्टर म्हणाले. आत न येता, दारातच उभं राहून. ते कायम असंच काम सांगतात, म्हणजे नाही म्हणायच्या आत निघून जाता येतं. "मुलांना दोनदा ब्रश करायला लावणारं. आईबापांना पुढे पाठवावंसं वाटेल असं. संध्याकाळी दवाखान्याच्या पानावर टाकू या."

हसतंखेळतं म्हणे. सकाळपासून मान वाकडी करून लोकांच्या पोरांच्या तोंडात डोकावतेय मी. एकाने बोटाला चावा घेतला, एकाने माझ्या चष्म्यावर ओकारी काढली, आणि एका बाबांनी मला समजावलं की दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत, कशाला एवढा खटाटोप. मी त्यांना म्हटलं, केसही पडणारच आहेत, मग आपण तेल का लावतो? ते टकले होते हे मला नंतर दिसलं. असा दिवस चालला होता, आणि त्यात मला हसायचं होतं, खेळायचं होतं, वर ते लिहायचंही होतं.

तरी लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून. मुलांचे दात बघता बघता माझे केस पांढरे झाले, पण एक गोष्ट मला अजून जमते: पोरांशी बोलणं. मोठ्यांशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज चढतो. सिस्टर म्हणते, मॅडम, तुम्ही आयांशी बोलता तेव्हा बाहेर बसलेल्या आया पण सरळ बसतात.

काय करणार? या खोलीत येणारा प्रत्येक आईबाप मला छातीवर हात ठेवून सांगतो, हो डॉक्टर, दिवसातून दोनदा. दोनदा म्हणजे दोनदाच. आणि आत बघावं तर दातांवर परवाचं बिस्कीट. इतकी वर्षं हे ऐकून ऐकून माझा त्या शब्दावरचा विश्वासच उडालाय. कोणी "दोनदा" म्हटलं की मी मनातल्या मनात एक वजा करते, आणि बाई फार गोड हसल्या तर दोन.

तीन वाजता मुंगी आली.

मुंगी हे तिचं घरचं नाव. साडेपाच वर्षांची, पण दिसायला चारची. आई तिला हाताला धरून आणायची, आणि खुर्चीजवळ आली की मुंगी स्वतः चढायची, कोणी उचलायचं नाही. खुर्ची मागे झुकायला लागली की डोळे घट्ट मिटायची आणि तोंड भरपूर उघडायची, अगदी पडजीभ दिसेपर्यंत. धीराची पोर होती. धीराची म्हणजे, तिला धीराचं व्हावं लागलं होतं.

गेल्या वर्षी तिला मोठ्या इस्पितळात नेऊन पूर्ण भूल द्यावी लागली होती. वरच्या दोन दाढा काढल्या, खालच्या दोन आम्ही भरून वाचवल्या. एवढ्या लहान मुलांचं बरंच काम असलं की शुद्धीत करता येत नाही. भूल उतरताना मुंगी इतकी घाबरली की आईलाही ओळखेना. हातपाय झाडत होती आणि आईलाच ढकलत होती. आई तेव्हा मला म्हणाली होती, "डॉक्टर, पुन्हा हे नको. तुम्ही सांगाल ते करते, पण पुन्हा नको."

मी सांगितलं होतं. दोनदा ब्रश, तोही तुमच्या हाताने, पोरीच्या हाताने नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना हात नीट वळवता येत नाही, ब्रश पुढच्या दातांवर फिरतो आणि मागच्या दाढा कोरड्या राहतात. त्यानंतरच्या तपासणीला मुंगीचं तोंड इतकं छान होतं की मी सिस्टरला हाक मारून दाखवलं होतं.

आज आई दारातून आत आली तेव्हाच मला ती उतरलेली दिसली. डोळ्यांखाली काळं, केस ओलेच बांधलेले, आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं. मी फार लक्ष दिलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच आया अशा दिसतात, आणि आरशात बघितलं तर मीही.

मुंगी चढली, डोळे मिटले, तोंड उघडलं. वरवर दात स्वच्छ होते. पण खालच्या डाव्या दाढेत, आम्ही भरलं होतं त्याच्या कडेला, काहीतरी तपकिरी दिसलं. हवा मारून कोरडं केलं. हलक्या हाताने सळईचं टोक लावून बघितलं तर मऊ. उजवीकडे तेच. आणि त्या दाढांच्या मागे, हिरडीतून, कायमच्या दाढेचं पांढरं टोक नुकतंच वर येत होतं. आयुष्यभर पुरायची ती दाढ, आणि शेजार असा किडका.

मी आरसा खाली ठेवला.

"ब्रश दोनदा होतो?" मी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

"रोज?"

"रोज. एकदा माझी आई घासते, एकदा मी घासते. एक दिवस चुकलेला नाही."

आता इथे मी थांबायला हवं होतं. पण मान दुखत होती, आणि सकाळपासून हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत होते. "हे बघा," मी म्हटलं, "रोज दोनदा नीट घासलेल्या दाढा काही महिन्यांत अशा होत नाहीत. गेल्या वेळी तोंड स्वच्छ होतं. आता दोन्ही बाजूंना पुन्हा कीड आहे. मला खरं सांगितलंत तर मी काहीतरी करू शकेन. खोटं सांगून नुकसान माझं नाही होत, पोरीचं होतं."

"मी खोटं बोलत नाही."

"मग दात बोलतायत का?"

आईचा चेहरा नुसता बंद झाला. दुकान बंद करताना शटर ओढतात तसा. आणि मुंगीने डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून आईकडे.

"आई, तू खोटं बोललीस?"

"नाही ग."

"मग परत इस्पितळात जायचं का? ते नाकावर लावायचं?"

आईने माझ्याकडे बघितलं. तो प्रश्न तिच्या पोरीने विचारला होता, पण उत्तर मी द्यायचं होतं. कीड दाढेतल्या नसेपर्यंत खोल गेली असेल तर दाढा काढाव्या लागणार, म्हणजे पुन्हा भूल. वरवर असेल तर अजून एक रस्ता होता. कुठलं ते कळायला एक्स-रे हवा.

"आधी फोटो काढू दाढेचा," मी म्हटलं. "मग बघू."

सिस्टर सामान लावायला लागली. मुंगीच्या ओठाच्या कडा थरथरत होत्या. रडत नव्हती, पण रडायच्या पायरीवर उभी होती, आणि अशा पोराच्या तोंडात एक्स-रेची पट्टी बसत नाही. मी मोबाईल काढला. माझी एक जुनी सवय आहे: मुलांसाठी काही लिहिलं की पुढे पाठवायच्या आधी खुर्चीतल्या पोराला वाचून दाखवायचं. पोरं भिडेखातर हसत नाहीत.

"मुंगी, तुझ्या दाढेने मला एक निरोप दिलाय. वाचू?"

तिने मान हलवली. मी दाढेचा आवाज काढला. जाडा, किंचित कटकट्या. सिस्टर म्हणते तो माझाच आवाज आहे.

"नमस्कार. मी तुमची मागची दाढ बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही, कारण आरशात तुम्ही पुढच्याच दातांकडे बघून मिरवता. माझा पत्ता लिहून घ्या: ओठांच्या दारातून आत शिरा, जिभेच्या गालिच्यावरून सरळ चालत या, भिंत आली की वळा. कोपऱ्यात बसलेली, डोक्यावर खड्डे असलेली, ती मी."

मुंगीने जीभ मागे नेऊन दाढ चाचपली. ओठ थरथरायचे थांबले.

"मी दिवसभर राबते. पोळी मी दळते, सफरचंद मी दळते, आणि तुम्ही गपचूप तोंडात टाकलेलं चॉकलेट पण मीच दळते, कोणाला सांगत नाही. बदल्यात मला काय हवं? दोन आंघोळी. साबण फार नको, वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. घासून झालं की थुंका, पण लगेच चूळ भरू नका, थोडी पेस्ट माझ्या अंगावर राहू द्या, तोच माझा रेनकोट."

"रेनकोट," मुंगी म्हणाली, आणि हसली. आई हसली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे अर्धे मिटलेले.

"पहिली आंघोळ सकाळी. आणि दुसरी, जिच्याशिवाय माझं चालतच नाही, ती रात्री. जेवण झालं, दूध पिऊन झालं, आता तोंडात पाण्याशिवाय काही जाणार नाही असं ठरलं, की मगच. कारण तुम्ही झोपलात की तोंडातली लाळ कमी होते. दिवसभर तीच मला धूत असते. रात्री माझा नळ बंद. तेव्हा अंगावर दूध नाहीतर बिस्कीट राहिलं, तर जंतूंची रात्रभर मेजवानी, आणि थाळी म्हणजे मी."

मुंगीने बोट वर केलं. शाळेत करतात तसं.

"दाढेला कळत नाही," ती म्हणाली.

"काय कळत नाही?"

"रात्री आंघोळ नसते. दोन्ही सकाळी असतात. उठल्यावर आजीकडे एक. मग आई येते, आम्ही घरी जातो, मग आई दुसरी करते. आई जोरात घासते."

आईने डोळे पूर्ण उघडले.

"मुंगी, आजी रात्री घासते ना तुझे दात? दूध प्यायल्यावर?"

"नाही. दूध पिऊन मी झोपते."

"कधीच नाही?"

मुंगीला काहीतरी चुकलं असं वाटायला लागलं. "सकाळी घासते ना," ती हळूच म्हणाली. "दोनदा होतात. मी मोजते."

मला तेव्हा सगळं कळलं, पण आईने तरी सांगितलं. मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. गेल्या तपासणीनंतर तिला रात्रपाळी लागली होती. इस्पितळांच्या चादरी आणि गाऊन धुणाऱ्या कारखान्यात ती कामाला आहे, इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर. संध्याकाळी मुंगीला आपल्या आईकडे सोडते, सकाळी सुटली की तिथूनच उचलते, घरी आणते, दात घासते, खाऊ घालते, शाळेत सोडते, आणि मग आडवी होते. सोडायला गेली त्या पहिल्याच संध्याकाळी ती आजीला म्हणाली होती, एकदा तू घास, एकदा मी घासेन. झालं. कधी, ते बोलायची गरज कोणाला वाटली नाही. जी रात्री जवळ आहे ती रात्रीचं बघेल, एवढं साधं तर होतं.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "मी पाळीवरून आल्यावर, उभं राहवत नाही तरी, तिची हनुवटी धरून घासत होते. आणि आईने आधीच घासलेले असायचे."

"हो."

"घासलेलेच दात."

"हो," मी म्हटलं.

लाज वाटली मला. सरळ सांगते, खूप वाटली. जी बाई रोज दोनदा म्हणत होती ती रोज दोनदाच करत होती, आणि मी तिच्या पोरीसमोर तिला खोटारडी ठरवलं होतं. मी मुंगीची खुर्ची सरळ केली, म्हणजे तिला माझं तोंड नीट दिसावं.

"मुंगी, ऐक. तुझी आई खरं बोलत होती. चुकीचं मी बोलले. मला आधी विचारायला हवं होतं, मी आधी रागावले."

मुंगीने आईकडे बघितलं, खात्री करायला. आईने मान हलवली आणि मला म्हणाली, "राहू द्या, मॅडम. रोज कोणी ना कोणी बोलतंच." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

एक्स-रे काढला. मुंगीने पट्टी चावून धरली, हलली नाही. पडद्यावर दोन्ही दाढा आल्या. कीड होती, पण नसेपासून लांब होती, मध्ये चांगली जाड भिंत शिल्लक होती. दुखत नव्हतं, सूज नव्हती. मी सोडलेला श्वास मलाच ऐकू आला.

"भूल नको," मी म्हटलं. "आत्ता तरी नको. एक चांदीचं औषध असतं, थेंबभर. किडीवर लावलं की कीड तिथेच घट्ट होऊन थांबते, बहुतेक वेळा. खोदकाम नाही, सुई नाही. काही महिन्यांनी पुन्हा लावायचं. पण किडलेला भाग काळा पडतो. डांबरासारखा काळा, आणि तो दाढ पडेपर्यंत काळाच राहतो. काही आयांना ते बघवत नाही."

"काळी चालेल," आई लगेच म्हणाली. "असू दे."

"आणि हे औषध एकटं पुरत नाही. रात्रीचा ब्रश नसेल तर नवी कीड दुसरीकडे सुरू होईल. मग मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

आईने पिशवीतून फोन काढला. मला वाटलं बाहेर जाऊन बोलेल. पण तिने तिथेच उभं राहून लावला आणि स्पीकरवर टाकला, बहुधा कानाशी धरायचं त्राण नव्हतं म्हणून.

"आई, तू रात्री मुंगीचे दात घासत नाहीस?"

पलीकडून म्हातारा, सावकाश आवाज आला. "सकाळी घासते की."

"मी तुला रात्री घासायला सांगितलं होतं."

"तू एकदा म्हणालीस. रात्री म्हणाली नाहीस."

"आई, हे काय सांगायला लागतं का? डॉक्टरांकडे उभी आहे मी. दोन दाढा पुन्हा किडल्यात तिच्या. रात्री दूध पाजून तशीच झोपवतेस तू तिला? तुला माहीत नाही गेल्या वर्षी काय झालं ते? निदान मला बोलायचंस तरी, की जमत नाही म्हणून."

आता तिचा आवाज चढला होता. मी ज्या आवाजात बोलले होते, तोच आवाज. आजी मात्र अगदी साधं बोलली, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं.

"संध्याकाळी तू सोडून जातेस तेव्हा ती काही म्हणत नाही. खेळते, जेवते, गप्पा मारते. पहिल्या रात्री मी ब्रश काढला, पेस्ट लावली, आणि तिचं सुरू झालं. रात्रीचा ब्रश आई करते म्हणाली. आई कुठेय म्हणाली. उलटी होईपर्यंत रडली ग. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री मी ब्रश बाहेरच काढला नाही. दुधाचा पेला दिला, थोपटलं, तर झोपली. मग मी रोज तेच केलं. म्हटलं सकाळी घासू, सकाळी तू येणार असतेस, सकाळी ती रडत नाही."

"मला सांगायचंस."

"सांगून काय केलं असतंस? पाळी सोडली असतीस? त्या गरम रोलरपाशी उभी राहतेस रात्रभर. पोर रडतेय हे डोक्यात घेऊन उभी राहिली असतीस."

आईने फोन माझ्या टेबलावर ठेवला, हातमोज्यांच्या खोक्याशेजारी, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. इतकी वर्षं मी आयांना काय करायचं ते सांगतेय, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं, हिरडीतून रक्त आलं तर काय, पेस्ट गिळली तर काय. रात्रीचा ब्रश बघून पोरीला आईची आठवण येते, यावर काय लावायचं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. सिस्टर कापसाचे बोळे उगाच पुन्हा रचत होती.

मुंगी खुर्चीतून खाली उतरली. टेबलाशी आली, टाचा उंच करून फोनकडे तोंड केलं.

"आजी."

"काय ग बाळा?"

"आज दूध आधी दे. मग ब्रश कर." ती थोडं थांबली. विचार करत होती, आणि तिचा विचार चेहऱ्यावर सगळा दिसत होता. "मी रडले तरी कर. थोडंसंच रडेन."

आजी "बरं" म्हणाली. आई भिंतीकडे वळली. आम्ही सगळ्या मोठ्या बायका, आणि तोडगा कोणी काढला, तर ज्या पोरीला त्याचं मोल मोजायचं होतं तिने. मी हात धुवायला बेसिनकडे गेले आणि गरजेपेक्षा बराच वेळ धूत बसले.

परत आले तेव्हा आई सावरली होती. तिने आजीला समजावून सांगितलं, आता हळू आवाजात: तिला मांडीवर आडवी घे, डोकं तुझ्याकडे, म्हणजे मागचं दिसेल. पेस्ट वाटाण्याएवढी. झाल्यावर पाणीच, दुसरं काही नाही. "जेवणाच्या सुट्टीत फोन करायला मिळतो आम्हाला," ती म्हणाली. "पण तोवर ही झोपलेली असते." "मग सकाळी विचार," आजी म्हणाली. "मी खरं तेच सांगेन."

मुंगी पुन्हा चढली. ओठांना व्हॅसलीन लावलं, कारण हे औषध कातडीला लागलं तर तिथेही डाग पडतो, काही दिवस राहतो. गालाशी कापूस ठेवला, दाढ कोरडी केली, इवल्याशा ब्रशने थेंब चोळला. एक मिनिट तसंच धरायचं. चव वाईट असते, नाणं चाटल्यासारखी. मुंगीने भुवया गोळा केल्या, पण तोंड उघडंच ठेवलं. मग दुसरी बाजू.

ते मिनिट भरेपर्यंत आईने विचारलं, "मघाशी वाचलंत ते दाढेचं, मला पाठवाल?"

"अजून टाकलं नाही कुठे. थोडं बदलायचंय."

माझ्या निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, "आईबाबा, ब्रश तुमच्या हातात घ्या." ते मी पुसलं. एका हाताने कापूस धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिलं: "रात्री मुलाजवळ जो कोणी असेल, आजी, आजोबा, मावशी, शेजारच्या काकू, ब्रश त्याच्या हातात द्या. आणि रात्री कोण घासतं, हे आजच एकदा विचारून घ्या. मी आत अंधारात असते, मला सगळं माहीत असतं, पण मला कोणी विचारत नाही." फार हसतंखेळतं राहिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं तर करू देत.

आईला पाठवलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग पुढे कोणाला तरी पाठवलं.

"आजीला?" मी विचारलं.

"आजीला सांगितलंय तोंडी. हा आमच्या पाळीच्या बायकांचा ग्रुप आहे. बहुतेकींची पोरं कोणाकोणाकडे झोपतात. आत्ता उठल्या असतील सगळ्या, निघायची वेळ होत आली."

मी मुंगीच्या तोंडातला कापूस काढला. दाढेवरचा तपकिरी डाग गडद व्हायला लागला होता. "आरसा दाखवू?" म्हटलं, तर तिने बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, "रेनकोट काळा आहे." थोडा वेळ काही खायचं प्यायचं नाही असं मी सांगितलं. तिने बूट घालायला घेतले, उजवा डाव्या पायात.

आईचा फोन वाजला. पुन्हा वाजला. ती थकल्या आवाजात, मुंगीचे बूट बदलता बदलता, एकेक वाचून दाखवायला लागली, कोणाला असं नाही. एकीने लिहिलं होतं, माझा मुलगा रात्री सासऱ्यांकडे असतो, ते स्वतःच कवळी काढून ठेवतात, त्यांना काय सांगू. दुसरीने लिहिलं होतं, मी समजत होते नणंद करते. तिसरीने विचारलं होतं, ही दाढ कोणाची आहे. आई त्यावर किंचित हसली, आणि पुढचा निरोप तिने मोठ्याने वाचला नाही. फोन तसाच माझ्यापुढे धरला.

"मी आत्ता घरी विचारलं," एवढंच लिहिलं होतं. "कोणीच करत नाही."